गाजलेली मालिका सुरू करावी का? रहस्य न फुटता चौकशी कशी करायची

गाजलेल्या मालिकेची चौकशी करायला निघालेल्या माणसापुढे पेच असतो. चौकशी न करता बसलं तर पंचवीस-तीस तास वाया जायची भीती. चौकशी केली तर ज्यासाठी बघायची तेच आधी कळायची भीती. कोल्हापूरच्या राजारामपुरीत चहाच्या गाड्यावर नुसतं नाव काढलं तरी कोणीतरी म्हणतंच, "बघ भावा, लई भारी हाय, आणि शेवटाला तर..." पुढचं वाक्य थांबवायला आपल्याकडे अर्धा सेकंद असतो.

यातून सुटायची वाट आहे. मालिकेबद्दलची माहिती दोन प्रकारची असते. एक तिच्या बांधणीची: किती लांब आहे, पूर्ण झाली आहे की अर्धवट सोडली आहे, वेग कसा आहे, किती लक्ष मागते, कुठे ढिली पडते, कोणत्या स्वभावाच्या माणसाला आवडते. दुसरी घटनांची: कोण काय करतं, कोणाचं काय होतं, शेवटी काय निघतं. बघायची की नाही हे ठरवायला फक्त पहिल्या प्रकारची माहिती लागते. अडचण एवढीच की जिथे पहिली मिळते तिथे दुसरीही शेजारीच पडलेली असते. म्हणून सगळ्यात निर्धोक ठिकाणापासून सुरुवात करायची, एकेक पायरी पुढे जायचं आणि निर्णय झाला की तिथंच थांबायचं. चौकशी पूर्ण करायचा हट्ट धरू नका. फुटलेली बहुतेक रहस्यं निर्णय झाल्यानंतर केवळ उत्सुकतेपोटी केलेल्या वाचनात फुटतात.

हे सगळं एका मालिकेवर करून दाखवते. माझा भाचा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत पाळ्यांमध्ये काम करतो. त्यानं विचारलं, "मावशी, कॅन्टीनमध्ये सगळी 'डार्क' 'डार्क' करालेत. बघू का नको? पण काय सांगू नको हां आतलं." 'डार्क' ही नेटफ्लिक्सवरची जर्मन मालिका. या कामासाठी तिच्याइतकं चांगलं उदाहरण मिळायचं नाही, कारण तिची सगळी गंमत कोडं हळूहळू उलगडण्यात आहे आणि इंटरनेटवर ते कोडं सोडवून ठेवणाऱ्यांची गर्दी आहे. खाली जे लिहिलंय त्यात मालिकेच्या पहिल्या भागापलीकडचं काहीही नाही. न बघितलेल्यांनी निर्धास्त वाचावं.

पहिली पायरी: आधी आपले प्रश्न कागदावर

मोबाइल हातात घेण्याआधी आपल्याला नेमकं काय जाणून घ्यायचंय ते लिहून काढा. भाच्याला मी हेच करायला लावलं. त्याचे प्रश्न असे निघाले: गोष्ट पूर्ण होते का? एकूण किती तास? रात्रपाळी करून आल्यावर डोळे अर्धे मिटलेले असताना बघता येईल का? घरात आई-बाबांसमोर लावता येईल का? आणि कॅन्टीनमधले लोक भारी म्हणतात ते याला भारी वाटेल का?

यातल्या एकाही प्रश्नाला कथानक लागत नाही. कागदावर प्रश्न असले की चौकशी भरकटत नाही. नुसतं "कशी आहे?" असं शोधलं की जे समोर येईल ते वाचलं जातं आणि समोर नेमकं काय येईल हे आपल्या हातात नसतं.

दुसरी पायरी: ब्राउझर कोरा करून घ्या

ही पायरी लोक हमखास गाळतात आणि त्याची किंमत दोन दिवसांनी मोजतात. आपल्या नेहमीच्या खात्यातून यूट्यूबवर मालिकेचं नाव एकदा जरी टाकलं, तरी त्यानंतर बरेच दिवस 'शेवटाचा अर्थ' सांगणारे व्हिडिओ पहिल्या पानावर येत राहतात. असा व्हिडिओ उघडावाही लागत नाही. त्याच्या चित्रात एखाद्या पात्राचा चेहरा आणि त्यावर लाल फुली असली की काम झालं. घरात टीव्हीवर सगळ्यांचं मिळून एकच खातं चालू असेल तर धोका दुप्पट, कारण तुम्ही मोबाइलवर शोधलेलं टीव्हीवर वर येतं आणि भावाने टीव्हीवर शोधलेलं तुमच्या मोबाइलवर.

म्हणून शोधाचं सगळं काम इन्कॉग्निटो खिडकीत करायचं, कुठल्याही खात्यात लॉगिन न होता. यूट्यूबवर आधीच शोधून बसला असाल तर हिस्टरीत जाऊन तो शोध आणि पाहिलेला व्हिडिओ, दोन्ही काढून टाका. एकच काढला तर दुसऱ्यावरून सुचवण्या येतच राहतात.

शोधपेटीत मालिकेचं नाव टाइप करून थांबायचं नाही, ही दुसरी सवय. खाली जे शब्द आपोआप सुचवले जातात त्यात पात्राच्या नावापुढे 'मृत्यू' किंवा 'खरा बाप कोण' अशा तऱ्हेचं काहीही असू शकतं. लोक जे सर्वात जास्त शोधतात तेच सुचवलं जातं आणि लोक रहस्यच शोधतात. पूर्ण वाक्य दुसरीकडे, नोट्समध्ये वगैरे लिहून ठेवा आणि ते तिथून आणून चिकटवा. सुचवण्या वाचायची वेळच येत नाही.

तिसरी पायरी: कोरडी माहिती

आता भाच्याचे पहिले दोन प्रश्न. गोष्ट पूर्ण होते का आणि किती तास.

यासाठी विकिपीडिया चांगला, पण फक्त उजव्या बाजूची चौकट. विकिपीडियाचं धोरणच असं आहे की कथानक देताना रहस्य फुटेल म्हणून काही वगळायचं नाही, इशाराही द्यायचा नाही. त्यामुळे मुख्य मजकूर आपल्यासाठी नाही. चौकटीत सीझन किती, भाग किती, मूळ भाषा कोणती, भागाची लांबी किती आणि प्रदर्शनाच्या तारखा एवढं मिळतं. मोबाइलवर ही चौकट वरच येते, ती वाचून पान बंद करायचं. खाली सरकायचं नाही. कलाकारांची यादी तर मुळीच नको.

'डार्क'चा पहिला सीझन 1 डिसेंबर 2017 रोजी आला, दुसरा जून 2019 मध्ये, तिसरा आणि शेवटचा 27 जून 2020 रोजी. भाग अनुक्रमे 10, 8 आणि 8, म्हणजे एकूण 26. एकेक भाग पाऊण तासापासून सव्वा तासापर्यंतचा. सगळं मिळून साधारण 25 तास. रोज रात्री एक भाग धरला तर महिन्याच्या आत संपते. भाच्याला हे गणित पटलं, कारण त्याच्या मनात आठ-दहा सीझनचा डोंगर होता.

गोष्ट पूर्ण झाली का, हे मात्र नुसत्या तारखांवरून कळत नाही. मालिका संपली आणि मालिका बंद केली यात फरक आहे. 'डार्क'च्याच निर्मात्यांची पुढची मालिका '1899' नोव्हेंबर 2022 मध्ये आली. जानेवारी 2023 मध्ये एका सीझनवरच ती बंद करण्यात आल्याचं जाहीर झालं आणि ठरवलेले पुढचे सीझन झालेच नाहीत. उलट 'डार्क' तीन सीझनची आखली होती आणि तिसरा सीझन शेवटचा आहे हे निर्मात्यांनी तो येण्याच्या बरंच आधी सांगितलं होतं. हा फरक एका छोट्या शोधाने कळतो. मालिकेच्या नावापुढे `cancelled` किंवा `final season announced` टाकून फक्त मथळे वाचायचे. शेवटच्या सीझनची घोषणा करणाऱ्या बातम्या तो सीझन येण्याआधीच्या असतात, त्यामुळे त्यात शेवट असूच शकत नाही. मागच्या सीझनमध्ये काय झालं ते मात्र असू शकतं, म्हणून मथळ्यावर थांबायचं.

भाषेचा मुद्दा इथेच उरकून घ्या. मालिका मूळ जर्मन आहे. नेटफ्लिक्स पुष्कळदा इंग्रजी डबिंग आपोआप लावतं. ऑडिओच्या यादीत जाऊन मूळ जर्मन निवडून सबटायटल लावलं तर अभिनय जास्त पोचतो, पण मग नजर पडद्यावरून हलवता येत नाही. रात्रपाळीनंतरच्या डोळ्यांसाठी ही महत्त्वाची गोष्ट आहे, तिच्याकडे पुढे येतेच.

चौथी पायरी: जुन्या तारखेचे रिव्ह्यू

या लेखातलं सगळ्यात उपयोगाचं तंत्र हे आहे. ज्या दिवशी रिव्ह्यू लिहिला गेला त्या दिवशी शेवट अस्तित्वातच नसेल, तर तो रिव्ह्यू शेवट फोडू शकत नाही. म्हणून मालिका पहिल्यांदा आली त्या महिन्यातले रिव्ह्यूच शोधायचे. शिवाय समीक्षकांना प्रदर्शनाआधी बऱ्याचदा पहिले थोडेच भाग दाखवतात आणि पुढचं लिहू नये असं बंधनही घालतात. असे रिव्ह्यू आपल्याला हवे तेवढेच सांगतात: सुरुवात कशी आहे, वेग कसा आहे, कशासारखी वाटते.

गूगलमध्ये तारखेची मर्यादा अशी घालता येते:

```
Dark Netflix German series review before:2017-12-31
```

`before:` नंतर जागा सोडायची नाही आणि तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने. 'डार्क' हा साधा शब्द असल्यामुळे नेटफ्लिक्स आणि जर्मन हे शब्द जोडले, नाहीतर भलतंच सापडतं. नाव वेगळं आणि ठसठशीत असेल तर नुसतं नाव पुरतं.

तारीख नक्की माहीत नसेल किंवा मालिका अजून चालू असेल तर नको असलेले शब्द वजा करायचे:

```
Dark Netflix review -ending -explained -finale -theory
```

हा दुसरा मार्ग पहिल्याइतका भक्कम नाही. हे शब्द न वापरताही रहस्य फोडणारे लेख असतात. पहिला जमत असेल तर तोच वापरा.

पहिल्या मार्गातही दोन फटी आहेत. काही संकेतस्थळं जुनाच लेख नव्याने सुधारून ठेवतात. पत्ता आणि वरची तारीख जुनी, पण मजकुरात दोन वर्षांनंतरचा परिच्छेद. लेखाच्या वरती 'अद्ययावत' अशा अर्थाची वेगळी तारीख दिसली तर तो लेख सोडा. दुसरी फट पानाच्या तळाशी असते. लेख 2017 चा असला तरी 'हेही वाचा'मध्ये आजचे मथळे लावलेले असतात, आणि त्याखाली वाचकांच्या प्रतिक्रिया कुठल्याही वर्षाच्या. यावर उपाय म्हणजे ब्राउझरमधला रीडर मोड. तो लावला की बाजूचे मथळे आणि प्रतिक्रिया सहसा निघून जातात, फक्त लेख उरतो.

लेख वाचायचीही एक रीत आहे. रिव्ह्यूचा पहिला परिच्छेद बहुधा वातावरणाचा असतो आणि शेवटचा मताचा. कथानक मधल्या परिच्छेदांत असतं. ते ओळखायची खूण अशी की पात्रांची नावं आणि त्यापुढे कंसात कलाकारांची नावं दाटीने येऊ लागतात. तसा परिच्छेद दिसला की पूर्ण ओलांडायचा आणि थेट शेवटच्या दोन परिच्छेदांवर जायचं. समीक्षकाने किती भाग बघून लिहिलंय हेही बहुधा कुठेतरी एका वाक्यात असतं. पहिले तीन-चार बघून लिहिलं असेल तर तो लेख सर्वात निर्धोक.

त्या काळातल्या रिव्ह्यूंमधून मी भाच्यासाठी एवढं काढलं: विंडेन नावाच्या छोट्या काल्पनिक गावात एक मुलगा बेपत्ता होतो आणि चार कुटुंबं त्या शोधात ओढली जातात. वातावरण करडं, पावसाचं, जंगलाचं. वेग संथ. विनोद जवळजवळ नाही. पात्रं खूप, नात्यांचा गुंता मोठा, लक्ष देऊन बघावी लागते. आवडलेल्यांनाही हा गुंता जाणवला होता आणि न आवडलेल्यांची तक्रारही हीच होती. दोन्ही बाजूंचे लोक एकच गोष्ट सांगत असतील आणि फरक फक्त ती आवडण्या-न आवडण्याचा असेल, तर ती गोष्ट मालिकेचा खरा स्वभाव समजायची. मला तरी हा निकष कुठल्याही रेटिंगपेक्षा भरवशाचा वाटतो.

पाचवी पायरी: आकडे, पण बेताने

रेटिंगचा आकडा निरुपद्रवी दिसतो. प्रेक्षक जिथे मालिकांना गुण देतात त्या आयएमडीबी संकेतस्थळावर 'डार्क'ला 10 पैकी 8.7 च्या आसपास आहे. एवढ्यावरून काय कळतं? मालिका बऱ्याच लोकांना फार आवडली एवढंच. ती पुढे घसरते का, हे नाही कळत. 'गेम ऑफ थ्रोन्स'चं उदाहरण घ्या. 2011 ते 2019, 73 भाग, एकूण रेटिंग 9 च्या वर आणि अगदी शेवटच्या भागाचं 4 च्या आसपास. एकूण आकड्यात हा खड्डा दिसतच नाही.

मग भागवार रेटिंग बघावं का? इथे सांभाळावं लागतं. भागांच्या यादीत भागांची नावं असतात, दोन ओळींचा सारांश असतो, चित्र असतं. तिन्ही फोडतात. काही ठिकाणी भागवार रेटिंगचे रंगीत चौकोनी तक्ते मिळतात, ज्यात नावं नसतात, नुसते आकडे. ते चालतील, पण लांबून बघा. एका सीझनचे चौकोन एकूण कोणत्या रंगाचे आहेत एवढंच बघायचं. एखाद्या एकट्या चौकोनाचा आकडा वर उडालेला दिसला आणि तो लक्षात राहिला, तर त्या भागात काहीतरी मोठं घडणार हे तुम्हाला आयुष्यभर ठाऊक राहील.

आणखी एक गोष्ट लक्षात असू द्या. पुढच्या सीझनचे आकडे बहुधा फुगलेले असतात, कारण ज्यांना कंटाळा आला ते पहिल्या सीझनलाच उतरून गेले. तिसऱ्या सीझनला मत देणारे सगळे मुळात ती आवडलेलेच. नवख्यासाठी पहिल्या दोन-तीन भागांचा आकडाच जास्त खरं बोलतो.

आयएमडीबीवरच्या कलाकारांच्या यादीपासून मात्र लांब राहा. प्रत्येक नावापुढे तो कलाकार किती भागांत आहे हे लिहिलेलं असतं. साठ भागांच्या मालिकेत मुख्य वाटणारं पात्र नऊच भागांत असेल तर त्याचं पुढे काय होतं हे वेगळं सांगायला नको. एकच पात्र दोन-तीन कलाकारांच्या नावापुढे दिसलं तरी गोष्टीबद्दल बरंच कळून जातं. चाहत्यांनी बनवलेली विकी संकेतस्थळं याहून धोक्याची. तिथे पात्राच्या चौकटीत ते जिवंत आहे की मृत हेच वरती लिहिलेलं असतं आणि शोधाच्या निकालात पान न उघडताही ते दिसू शकतं.

राहिला आई-बाबांसमोर लावायचा प्रश्न. आयएमडीबीवर पालकांसाठी `Parents Guide` म्हणून विभाग असतो. त्यात हिंसा, नग्नता, शिव्या यांचं प्रमाण सौम्य, मध्यम, तीव्र अशा शब्दांत दिलेलं असतं. ते शब्द वाचायचे आणि परतायचं. खालचे तपशील प्रसंगासकट लिहिलेले असतात. 'डार्क' ही मोठ्यांसाठीची मालिका आहे. तिच्यात उघडे प्रसंग आहेत, आत्महत्येचा विषय अगदी सुरुवातीलाच येतो. दिवाणखान्यात सगळ्यांनी मिळून बघायची ती नाही. हा प्रश्न एका मिनिटात सुटला.

सहावी पायरी: माणसं, पण योग्य माणसं

कोल्हापुरात माणसाला विचारल्याशिवाय आपलं समाधान होत नाही, आणि ते बरोबरही आहे. आपल्याला ओळखणारा माणूस जे सांगेल ते जर्मनीतल्या समीक्षकाला सांगता येणार नाही. फक्त कोणाला विचारायचं आणि काय, हे ठरवून जावं.

सगळ्यात उपयोगाचा माणूस म्हणजे ज्याने मालिका मध्येच सोडली तो. लोक नेमकं त्यालाच विचारत नाहीत. त्याला शेवट माहीत नसतो, म्हणून तो फोडायची शक्यता कमी, आणि का सोडली याचं कारण तो रोखठोक सांगतो. दुसरा उपयोगाचा माणूस म्हणजे जो आत्ता पहिल्याच सीझनमध्ये आहे तो. पूर्ण बघून प्रेमात पडलेल्याला सर्वात शेवटी विचारायचं, कारण त्याला सांगायची घाई असते.

भाच्याने कॅन्टीनमध्ये आधी सोडलेला माणूस शोधला. तो म्हणाला, "चार भाग बघितलं आणि सोडलं. नावंच ध्यानात राहिनात. जेवता जेवता बघालो होतो, एक डायलॉग चुकला की समजायचं बंद." हे ऐकून भाच्याला उत्तर मिळालं. मालिका वाईट आहे म्हणून हा उठला नव्हता, ती जेवता जेवता बघायची नाही म्हणून उठला होता.

मग पूर्ण बघितलेल्याकडे गेला, पण अटी घालून. अशा माणसाला मोकळा प्रश्न कधी विचारू नये. "कशी आहे?" याचं उत्तर गोष्टीतच येतं. हो-नाही किंवा आकड्यात उत्तर येईल असेच प्रश्न विचारायचे. मी त्याला लिहून दिलेले हे होते:

"कितव्या भागापासून सोडवंना झाली?"
"मधे कुठे रेंगाळते का? कोणत्या सीझनला?"
"गोष्ट पूर्ण होते का, का लटकत ठेवलीय? नुसतं हो-नाही सांग."
"परत बघशील का?"
"याच्याआधी तुला कुठली मालिका अशी आवडली होती?"

शेवटचा प्रश्न सगळ्यात मोलाचा. त्यावरून त्याची आवड आपल्याशी जुळते का ते कळतं. त्याला आवडलेल्या दोन मालिका तुम्हालाही आवडल्या असतील तर त्याचा शब्द घ्यावा. त्याला नेहमी मारधाड लागते आणि तुम्हाला कौटुंबिक गोष्ट लागते, तर त्याचं "लई भारी" तुमच्या उपयोगाचं नाही.

एक प्रश्न कधीच विचारू नका: "शेवटी धक्का आहे का?" त्याचं "हो" हेच रहस्य फोडणं आहे. मग तुम्ही प्रत्येक प्रसंगात धक्का शोधत बसता. समोरचा आपणहून तिकडे वळला तर संकोच न करता हात वर करून थांबवा. "दादा, तेवढं राहू दे, मी बघून येतो मग बोलू" असं म्हटलं की कोणी रागावत नाही, उलट त्याला बोलायला माणूस मिळणार म्हणून तो खूश होतो.

सातवी पायरी: ठरवून चाचणी

एवढं झालं की बहुतेक वेळा निर्णय झालेला असतो. तरीही मन दोलायमान असेल तर चाचणी घ्या, पण किती भागांची ते आधी ठरवा. संथ, गुंत्याच्या मालिकेला तीन भाग द्यावेत. पहिला भाग माणसं ओळखण्यात जातो, दुसऱ्यात सूर कळतो, तिसऱ्याअखेर पुढे बघावंसं वाटतं की नाही हे स्पष्ट होतं. हलक्याफुलक्या मालिकेला दोन पुरतात. तीन भागांनंतरही "पुढे चांगली होते म्हणे" एवढ्याच आशेवर बसायचं असेल तर ती सोडून द्यावी असं माझं मत आहे. पंचवीस तासांतले तीन गेले, बावीस वाचले.

चाचणीआधी नेटफ्लिक्सच्या प्रोफाइलच्या सेटिंगमध्ये जाऊन `Autoplay previews while browsing on all devices` ही खूण काढा. नाहीतर नुसतं मालिकेच्या पानावर थांबलं तरी पुढच्या सीझनची दृश्यं आपोआप चालू होऊ शकतात. भागांची यादी उघडली तर आपला भाग चालू करून लगेच बाहेर. पुढच्या भागांचे सारांश आणि चित्रं तिथंच खाली वाट बघत असतात, आणि सीझन बदलायच्या यादीला तर हातच लावू नका.

भाच्याने सुट्टीच्या दिवशी, दिवसा, जर्मन ऑडिओ लावून तीन भाग बघितले. रात्रपाळीच्या आठवड्यात बघायची नाही, दिवसपाळीच्या आठवड्यात बघायची असं ठरवून तो पुढे गेला. माझ्या दृष्टीने चौकशीचं खरं फळ हेच. बघायची की नाही यापेक्षा कधी आणि कशी बघायची ते कळलं.

सुरू केल्यानंतरची काळजी

'डार्क' बघताना प्रत्येकाला एका टप्प्यावर वाटतं की हा कोणाचा कोण हे जरा शोधून बघावं. वंशावळ असं चुकूनही शोधू नका. या मालिकेत पूर्ण वंशावळ म्हणजे पूर्ण उत्तरपत्रिका आहे. वही घ्या, चार कुटुंबांसाठी चार पानं करा आणि जसं कळेल तसं लिहा. नेटफ्लिक्सने या मालिकेसाठी `dark.netflix.io` नावाचं संकेतस्थळ काढलं होतं. ते आधी तुम्ही कितव्या भागापर्यंत आलात हे विचारायचं आणि तेवढंच दाखवायचं. एखाद्या मालिकेला असं काही अधिकृत साधन असेल तर ते वापरायला हरकत नाही. चाहत्यांनी काढलेल्या तक्त्यांना तशी गाळणी नसते.

मधे खंड पडून नवा सीझन सुरू करताना आधीचं आठवत नसेल तर सारांशाचे व्हिडिओ यूट्यूबवर शोधण्यापेक्षा मागच्या सीझनचा शेवटचा भाग पुन्हा बघा. सारांश करणाऱ्याला पुढचं माहीत असतं, त्यामुळे तो नेमके पुढे महत्त्वाचे ठरणारेच प्रसंग निवडतो, आणि त्या निवडीवरूनच अंदाज येतो.

व्हॉट्सॲपच्या ग्रुपला तेवढे दिवस म्यूट करा. स्टेटसवर मीम टाकणाऱ्या मित्राचे स्टेटस वेगळे म्यूट करावे लागतात, ग्रुप म्यूट करून ते थांबत नाहीत. इन्स्टाग्रामच्या सेटिंगमध्ये नको असलेले शब्द घालून तशा पोस्ट सुचवू नका असं सांगता येतं. तिथे मालिकेचं नाव आणि कळलेल्या मुख्य पात्रांची नावं घाला. चित्रात लिहिलेला मजकूर मात्र यातून निसटू शकतो, म्हणून यावर पूर्ण भिस्त ठेवू नका.

आणि इतकं करूनही एखादं वाक्य कानावर पडलंच, तर ते खरं आहे का म्हणून शोधायला जाऊ नका. ऐकलेलं बरेचदा अर्धवट असतं, कधी चुकीच्या पात्राबद्दल असतं, कधी मुद्दाम खोटं सांगितलेलं असतं. शोधलं की ते पक्कं होतं आणि त्याच्या आजूबाजूच्याही चार गोष्टी कळतात. ज्याने सांगितलं त्यालाही "खरंच का?" असं विचारू नका, त्याचा चेहराच उत्तर देतो. त्या दिवशी पुढचा भाग लावू नका. दोन-तीन दिवस जाऊ देऊन मग जिथे थांबला होतात तिथूनच लावा.